यूपीआय कॅशबॅक आठवड्याची पोस्ट: गल्ल्यावर वाद होणार नाही असा मजकूर कसा लिहायचा

"धमाका ऑफर! यूपीआयने पैसे द्या आणि १०% पर्यंत कॅशबॅक मिळवा! अटी लागू." किराणा-जनरल दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा मजकूर पडला की पहिल्याच संध्याकाळी गल्ल्यावर प्रश्न सुरू होतात. माझ्या अ‍ॅपमध्ये स्क्रॅच कार्ड आलं नाही, ते कुठे गेलं? बिल ४९५ चं झालं, पाच रुपयांसाठी नाही म्हणता का? मागच्या महिन्याची उधारी आत्ता यूपीआयने भरली, तिच्यावर किती? काल नवऱ्याच्या फोनवरून दिले, आज माझ्या फोनवरून देते, दोन्ही धराल ना? प्रश्न विचारणाऱ्याची काहीच चूक नसते. उत्तर मजकुरात नव्हतं, म्हणून त्याला विचारावं लागलं.

मजकूर चांगला व्हायला भाषा लागते, पण त्याआधी निर्णय लागतात. पैसे कोण देणार, किती, कोणाला, कशावर नाही आणि कधी, एवढं ठरलं की मजकूर अर्ध्या तासात लिहून होतो. ते ठरलेलं नसेल तर कितीही सजवला तरी तो अपुराच राहतो. म्हणून इथे एका मध्यम किराणा दुकानाचं उदाहरण धरून आधी निर्णय घेऊ आणि मग त्यातूनच मजकूर काढू.

पैसे दुकान देणार की अ‍ॅप, हे वरच्या ओळींतच

कॅशबॅक म्हटल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पेमेंट अ‍ॅपचं बक्षीस येतं. पेमेंट झालं, कार्ड खरवडलं आणि खात्यात काही रुपये आले, ही लोकांची सवय आहे. दुकानाची योजना वेगळी असते. इथे पैसे दुकानाच्या खिशातून जातात आणि अ‍ॅपला या योजनेचा पत्ताही नसतो. हा फरक लिहिला नाही तर गिऱ्हाईक अ‍ॅपच्या मदत केंद्राला फोन करतं, तिथून "अशी योजना नाही" असं उत्तर मिळतं आणि खोटं पडतं ते दुकान. "पैसे आमचं दुकान देणार, कोणतंही अ‍ॅप नाही" हे वाक्य म्हणून वरच हवं. त्याच कारणासाठी पोस्टरवर अ‍ॅपचे लोगो लावू नका. लोगो दिसला की योजना त्या अ‍ॅपची आहे असंच वाटतं.

दुसरा प्रश्न पैसे कसे द्यायचे हा. बिलातच रक्कम कमी केली तर ती सूट झाली. तिला कॅशबॅक म्हणू नका, "यूपीआयवर लगेच २५ रुपये सूट" असं सरळ लिहा. तुम्ही जीएसटी लावून बिल देत असाल तर या फरकाला हिशेबातही किंमत आहे. विक्रीच्या वेळी बिलावरच दाखवलेली सूट करपात्र मूल्यातून वजा होते. माल विकून झाल्यावर वेगळे परत केलेले पैसे आपोआप वजा होत नाहीत. त्यासाठी कायद्यात वेगळ्या अटी आहेत आणि किरकोळ विक्रीत त्या सहसा बसत नाहीत. म्हणजे १,००० रुपयांच्या बिलावर ५० रुपये नंतर परत केले तरी कर १,००० वरच भरायचा, असं धरून चाला. हा खर्च नको असेल तर कॅशबॅकऐवजी सूटच द्या. गिऱ्हाइकाने यूपीआयकडे वळावं आणि आठवड्यात पुन्हा यावं असा हेतू असेल तर मात्र पैसे खात्यात परत आलेले लोकांच्या जास्त लक्षात राहतात. आपण तोच मार्ग धरू: दुकान स्वतःच्या खात्यातून यूपीआयने पैसे परत पाठवणार.

टक्के नकोत, ठरावीक रुपये ठेवा

"५% कॅशबॅक, कमाल ५० रुपये" हे वाचायला सोपं वाटतं, पण गल्ल्यावर त्याचा त्रास होतो. ७३७ रुपयांचे ५% म्हणजे ३६ रुपये ८५ पैसे. ३६ द्यायचे की ३७? आणि १,८०० चं बिल करणारी व्यक्ती मनात ९० धरून आलेली असते, तिला कमाल मर्यादा ऐनवेळी कळते. "पर्यंत" हा शब्द तर सगळ्यात घातक. तो वाचणाऱ्याला फक्त मोठा आकडा दिसतो, आणि तो आकडा फार थोड्यांना मिळतो.

ठरावीक रुपये लिहिले की हे सगळे प्रश्न मिटतात:

५०० रुपये किंवा जास्त बिलावर २५ रुपये परत.
१,००० रुपये किंवा जास्त बिलावर ५० रुपये परत.

"किंवा जास्त" हे शब्द गाळू नका. "५०० च्या वर" लिहिलं तर बरोबर ५०० चं बिल पात्र आहे की नाही यावर वाद होतो, आणि तसं बिल पहिल्याच दिवशी येतं, कारण लोक ५०० गाठायलाच एखादा बिस्किटाचा पुडा वाढवतात.

आता हे आकडे दुकानाला झेपतात का ते पाहा. मागच्या महिन्यातला एक साधा आठवडा घ्या आणि बिलांची वही किंवा बिलिंग सॉफ्टवेअर उघडून ५०० ते ९९९ ची बिलं किती आणि १,००० च्या पुढची किती ते मोजा. आपल्या उदाहरणात रोज १८ बिलं पहिल्या गटात आणि ७ दुसऱ्या गटात आहेत असं धरू. १८ गुणिले २५ म्हणजे ४५०, आणि ७ गुणिले ५० म्हणजे ३५०. रोजचे ८०० आणि सात दिवसांचे ५,६०० रुपये झाले. इथे फक्त आजची यूपीआयची बिलं मोजून चालत नाही, रोख बिलंही मोजायची, कारण रोख देणारे यूपीआयकडे वळावेत म्हणूनच तर योजना आहे. ४३० चं बिल ५०० पर्यंत ताणणारेही असतात. त्यांच्यासाठी चौथा हिस्सा वाढवा, म्हणजे १,४०० रुपये. एकूण ७,००० रुपये बाजूला काढून ठेवायचे.

नफ्याशी ताडून पाहा. सरासरी नफा १०% असेल तर ५०० च्या बिलावर ५० रुपये सुटतात आणि त्यातले २५ परत जातात. अर्धा नफा एक आठवडा सोडायला तयार असाल तर आकडे ठीक आहेत. तेल आणि साखरेसारख्या मालावर मात्र एवढा नफा नसतो. तिथे खिशातून घालावे लागतात, म्हणून तो माल वगळावा लागतो. ते पुढे पाहू.

कोणतं पेमेंट धरायचं

पात्रतेची ओळ एकच वाक्य असावी: "दुकानातल्या क्यूआरवर, कोणत्याही यूपीआय अ‍ॅपने, पूर्ण बिल एकदम भरणाऱ्याला." यातला प्रत्येक तुकडा एकेका वादावरचं उत्तर आहे.

"दुकानातल्या क्यूआरवर" असं लिहिलं की मालकाच्या खासगी नंबरवर पाठवलेले पैसे बाद होतात. ते दुकानाच्या व्यवसाय अ‍ॅपमध्ये दिसत नाहीत, साउंडबॉक्स बोलत नाही आणि रात्री ताळा बसत नाही. इथे स्वतःचा क्यूआरही तपासून घ्या. काउंटरवर लावलेला कोड व्यापारी खात्याचा आहे की साध्या वैयक्तिक खात्याचा? वैयक्तिक कोडवर रुपे क्रेडिट कार्ड जोडलेल्या यूपीआयने पैसे देता येत नाहीत, ती सोय फक्त व्यापारी कोडवर आहे. मजकुरात "कोणत्याही यूपीआय अ‍ॅपने" म्हणायचं आणि गल्ल्यावर एखाद्याचं पेमेंटच होऊ नये, असं व्हायला नको. उलट व्यापारी कोड असेल तर हेही लक्षात ठेवा की बँक खात्यातून आलेल्या यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही, पण क्रेडिट कार्डावरून २,००० रुपयांच्या वर आलेल्या रकमेवर ते लागू शकतं. अशी बिलं थोडी असतात. ती वगळून मजकूर वाढवण्यापेक्षा खर्च सोसलेला बरा.

"पूर्ण बिल एकदम" असं लिहिलं नाही तर लोक ३०० रोख आणि ३०० यूपीआय देतात आणि ६०० च्या बिलावर २५ मागतात. त्यांचंही चूक म्हणता येत नाही. इथे यूपीआय लाइट वापरणाऱ्यांची एक अडचण येते. लाइटमधून पिन न टाकता एका वेळी १,००० रुपयांपर्यंतच जातात. १,०४० चं बिल असलेल्याला नेहमीच्या यूपीआयने, पिन टाकून द्यावं लागेल. काउंटरवरच्या मुलाला हे माहीत असू द्या. मजकुरात लिहायची गरज नाही.

उधारीचा उल्लेख मात्र मजकुरात हवाच. किराणा दुकानात महिन्याचं खातं असणारी घरं असतात. कॅशबॅकची पोस्ट दिसली की ती सहा हजारांची जुनी बाकी एकदम यूपीआयने भरायला येतात. बाकी वसूल झाली याचा आनंद असतोच, पण योजना नव्या खरेदीची असेल तर "जुनी उधारी धरली जाणार नाही" हे आधी सांगितलेलं असावं.

एक गिऱ्हाईक म्हणजे कोण

मर्यादा लिहिताना "एका ग्राहकाला एकदाच" हे वाक्य निरुपयोगी आहे. घरात चार फोन असतात आणि एका फोनमध्ये तीन अ‍ॅप असतात. ग्राहक कशावरून ओळखणार ते लिहा. यूपीआय आयडीवरून ओळखणं अवघड आहे, कारण एकाच माणसाचे अनेक आयडी असतात आणि व्यवसाय अ‍ॅपमध्ये ते बऱ्याचदा अर्धे झाकलेले दिसतात. मोबाइल नंबर सगळ्यात सोयीचा. पैसे परत पाठवायलाही तोच लागतो. एका घरातले दोन नंबर दोनदा फायदा घेतील, पण ते घर दोनदा खरेदीही करतं. तेवढं सोडून द्यावं.

आपण ठेवू: एका नंबरला दिवसातून एकदा, आठवड्यात दोनदा. म्हणजे आठवड्यात जास्तीत जास्त १०० रुपये. हा शेवटचा आकडा मजकुरात स्वतःहून लिहा, वाचणाऱ्याला गुणाकार करायला लावू नका. "दिवसातून एकदा" यामुळे बिल तोडण्याचा प्रकारही थांबतो. १,५०० च्या बिलावर ५० मिळतात, पण कोणी त्याचे १,००० आणि ५०० असे दोन तुकडे केले तर ७५ निघतात. दिवसाला एकच बिल धरलं की तुकडे करून हाती काही लागत नाही.

आणखी एक मर्यादा तुमच्या बाजूची आहे आणि ती बहुतेक दुकानदारांना योजनेच्या मध्यावर कळते. अनेक बँका एका खात्यातून व्यक्तीला पाठवायच्या यूपीआय व्यवहारांची संख्या २४ तासांत २० वर थांबवतात. रक्कम २५ रुपये असली तरी व्यवहार एक मोजला जातो. आपल्या हिशेबात रोज २५ बिलं पात्र आहेत, म्हणजे एकवीसाव्या गिऱ्हाइकाला पैसे जाणारच नाहीत. आठवडा सुरू होण्याआधी बँकेकडून ही संख्या विचारून घ्या. दोन वेगवेगळ्या बँकांची खाती तयार ठेवा, किंवा व्यवसाय अ‍ॅपमध्ये आलेल्या पेमेंटवर थोडी रक्कम परत करण्याची सोय आहे का ते पाहा. आणि मजकुरात "लगेच" न लिहिता "दोन दिवसांत" लिहा. शनिवारी-रविवारी ४० बिलं आली तरी सोमवार-मंगळवारी ती निभावता येतात. दिलेल्या मुदतीच्या आधी पैसे पोचले तर लोक खूश होतात. "लगेच" म्हणून तासाभराने पोचले तर तक्रार येते.

"साठा संपेपर्यंत" किंवा "मर्यादित ग्राहकांसाठी" हे शब्द आपल्या मजकुरात नकोत. एकूण खर्चावर टोपी घालायचीच असेल तर आकडा लिहा: "रोज पहिली ३० बिलं". आणि तेवढी झाली की काउंटरवर पाटी लावा. आकडा न सांगता मध्येच बंद केलेली योजना म्हणजे आमिष दाखवल्यासारखं होतं. आपण माणशी मर्यादा घातलीच आहे, त्यामुळे अशी टोपी न घातलेली बरी.

कशावर नाही

यादी छोटी ठेवा आणि मालाची नावं घ्या. "निवडक वस्तू वगळून" असं लिहिलं की निवड कोणी केली हा प्रश्न येतो. किराण्यात नफ्यामुळे वगळायचा माल सहसा खाद्यतेल, साखर, दूध आणि मोबाइल रिचार्ज एवढाच असतो.

दोन गोष्टी मात्र नफ्यामुळे नाही, कायद्यामुळे वगळायच्या. सिगारेट आणि तंबाखूच्या विक्रीला उत्तेजन देणारी जाहिरात २००३ च्या कायद्याने बंद आहे. आणि आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर, बाळांचं डबाबंद अन्न आणि दुधाच्या बाटल्या यांची विक्री वाढावी म्हणून कोणतंही प्रलोभन देता येत नाही. त्यासाठी १९९२ चा स्वतंत्र कायदा आहे. ही दुसरी गोष्ट पुष्कळ दुकानदारांना ठाऊक नसते आणि जनरल दुकानात हा माल सर्रास असतो. म्हणून हा माल यादीत नावानिशी घ्या.

आता खरा गुंता. बिलात वगळलेला आणि न वगळलेला माल एकत्र असतो, मग ५०० कशाचे मोजायचे? दोन पद्धती आहेत आणि दोन्ही चालतात, पण मजकुरात एकच दिसली पाहिजे. आपण म्हणू: वगळलेला माल काढून उरलेलं बिल धरायचं. बिल ८६० चं, त्यात तेल-साखर २८० ची, उरले ५८०, म्हणून २५ रुपये परत. तेल-साखर ४१० ची असती तर उरले असते ४५० आणि काहीच मिळालं नसतं. हे नियमात सांगायला गेलं तर तीन वाक्यं लागतात, उदाहरणात एक ओळ पुरते. म्हणून उदाहरणच मजकुरात घाला. आणि गल्ल्यावर बसणाऱ्याला सांगून ठेवा की बिल बंद करण्याआधी बोलायचं: "ताई, ऑफरला पन्नास रुपये कमी पडतायत, अजून काही हवंय का?" पैसे दिल्यानंतर हे सांगितलं तर ते नकार वाटतं.

"अटी लागू" काढा आणि अटीच लिहा

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत खुलाशाच्या ओळींबद्दल स्पष्ट सांगितलं आहे. खुलासा मुख्य दाव्याच्याच भाषेत असावा, त्याच अक्षरांत असावा, ठळक जागी असावा, आणि दाव्याच्या उलट काही सांगणारा नसावा. मराठीत मोठ्या अक्षरांत "५० रुपये परत" आणि तळाशी बारीक इंग्रजीत अटी, हे त्यात बसत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. छोट्या दुकानावर अशी वेळ क्वचितच येईल, पण ही तत्त्वं चांगला मजकूर कसा असावा तेच सांगतात, म्हणून ती पाळण्यासारखी आहेत.

अटी लिहिताना प्रत्येक ओळ गिऱ्हाइकाच्या प्रश्नाने सुरू करा: कोणाला, किती वेळा, कशावर नाही, कधी. "पात्रता निकष", "व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील" असली वाक्यं वगळा. निर्णय अंतिम म्हटल्याने वाद मिटत नाही, उलट काहीतरी लपवलं आहे असा वास येतो.

तारखेला वार जोडा आणि वेळही लिहा. "या आठवड्यात" हा शब्द पुढे पाठवलेल्या मेसेजमध्ये तीन आठवड्यांनीही जिवंत असतो. वर्ष लिहिलं की पुढच्या वर्षी जुनी पोस्ट घेऊन कोणी येत नाही. दुकानाची साप्ताहिक सुट्टी मध्ये येत असेल तर ती त्याच ओळीत सांगा.

फसवणूक करणाऱ्यांसाठी फट ठेवू नका

कॅशबॅक हा ठगांचा आवडता बहाणा आहे. "तुमचे कॅशबॅक घ्यायला हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असा फोन येतो, माणूस पिन टाकतो आणि पैसे येण्याऐवजी जातात. यूपीआयमध्ये पिन फक्त पैसे देण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी लागतो, पैसे मिळण्यासाठी कधीच नाही. तुमची पोस्ट सार्वजनिक आहे. ती वाचून कोणीही तुमच्या दुकानाचं नाव घेऊन तुमच्याच गिऱ्हाइकाला फोन करू शकतो. म्हणून पिनची ओळ मजकुरात असलीच पाहिजे. ती वयस्कर गिऱ्हाइकांसाठी सगळ्यात मोलाची आहे.

पोस्टमध्ये दुकानाचा क्यूआर कोड टाकू नका. पोस्टर पुढे पाठवताना त्यावर दुसरा कोड चिकटवणं फार सोपं आहे. कोड काउंटरवरच राहू द्या आणि रोज सकाळी त्यावर कोणी दुसरा कागद लावला नाही ना, ते नखाने कड उचलून पाहा.

तयार मजकूर

वरचे सगळे निर्णय एकत्र केले की मोठा मजकूर असा होतो:

> यूपीआय कॅशबॅक आठवडा
> सोमवार १२ ते रविवार १८ ऑक्टोबर २०२६, सकाळी ९ ते रात्री ९
>
> ५०० रुपये किंवा जास्त बिल: २५ रुपये परत
> १,००० रुपये किंवा जास्त बिल: ५० रुपये परत
> पैसे आमचं दुकान देणार, कोणतंही अ‍ॅप नाही.
>
> कोणाला? दुकानातल्या क्यूआरवर, कोणत्याही यूपीआय अ‍ॅपने, पूर्ण बिल एकदम भरणाऱ्याला.
>
> किती वेळा? एका मोबाइल नंबरला दिवसातून एकदा, आठवड्यात दोनदा. म्हणजे जास्तीत जास्त १०० रुपये.
>
> कशावर नाही? खाद्यतेल, साखर, दूध, मोबाइल रिचार्ज, सिगारेट-तंबाखू, बाळांची दूध पावडर, बाळांचं डबाबंद अन्न आणि दुधाच्या बाटल्या. जुनी उधारीही नाही. हे वगळून उरलेलं बिल धरू. उदाहरण: बिल ८६०, त्यात तेल-साखर २८०, उरले ५८०, म्हणून २५ रुपये परत.
>
> कधी? दोन दिवसांत, तुम्ही बिल करताना दिलेल्या नंबरच्या यूपीआयवर. नंबर फक्त यासाठीच वापरू.
>
> माल परत केला तर? उरलेल्या बिलावर कॅशबॅक पुन्हा मोजू आणि जास्त गेलेले पैसे वळते करू.
>
> सावध राहा: पैसे मिळण्यासाठी पिन लागत नाही. आम्ही लिंक पाठवत नाही, ओटीपी किंवा पिन विचारत नाही.
>
> शंका असेल तर दुकानात या किंवा या नंबरवर फोन करा: [दुकानाचा नंबर]

हा फेसबुकला, इन्स्टाग्रामला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला पुरतो. तिन्हीकडे लांब मजकूर दुमडला जातो आणि वाचणाऱ्याला आधी वरच्या थोड्याच ओळी दिसतात. म्हणून तारीख, रक्कम आणि "पैसे दुकान देणार" हे तिन्ही वरच्या भागात आहे. तिथे शुभेच्छा किंवा फुलांची रांग घातली तर कामाचं सगळं दुमडीखाली जातं.

स्टेटससाठी आणि काउंटरवरच्या पाटीसाठी छोटा मजकूर लागतो. तो करताना मर्यादा गाळायच्या नाहीत, फक्त स्पष्टीकरण गाळायचं:

> यूपीआय कॅशबॅक, १२ ते १८ ऑक्टोबर २०२६, सकाळी ९ ते रात्री ९. ५०० किंवा जास्त बिलाला २५, १,००० किंवा जास्त बिलाला ५० रुपये परत. दुकानातल्या क्यूआरवर पूर्ण बिल एकदम भरणाऱ्याला. पैसे दुकान देणार, दोन दिवसांत. एका नंबरला दिवसातून एकदा, आठवड्यात दोनदा. तेल, साखर, दूध, रिचार्ज, सिगारेट-तंबाखू, बाळांची दूध पावडर, बाळांचं अन्न व बाटल्या, जुनी उधारी यांवर नाही. पैसे मिळायला पिन लागत नाही.

टाकण्याआधी एक चाचणी करा. योजनेबद्दल काहीच माहीत नसलेल्या एखाद्याला मजकूर वाचायला द्या आणि विचारा: १,२०० च्या बिलात ३०० ची साखर असेल तर किती परत? उत्तर २५ आलं, कारण उरलेले ९०० आहेत, तर मजकूर बरोबर. ५० आलं तर वगळण्याची ओळ नीट पोचलेली नाही.

गल्ल्यावरची वही

एका साध्या वहीत पाच रकाने आखा: तारीख व वेळ, बिल क्रमांक, धरलेली रक्कम, नाव व मोबाइल नंबर, आणि यूटीआरचे शेवटचे चार अंक. यूटीआर हा प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक असतो आणि तो देणारा व घेणारा दोघांच्याही अ‍ॅपमध्ये दिसतो. रात्री वही आणि व्यवसाय अ‍ॅपमधली यादी समोरासमोर ठेवून एकेका ओळीवर खूण करायची आणि मगच पैसे पाठवायचे. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर कधीही नोंद करू नका. खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅप आहेत. आवाज साउंडबॉक्समधून आला पाहिजे किंवा नाव आपल्या अ‍ॅपमध्ये दिसलं पाहिजे.

पाठवताना नंबर टाकला की अ‍ॅप समोरच्याचं बँकेतलं नाव दाखवतं. ते वहीतल्या गिऱ्हाइकाशी जुळतं का ते पाहा, एक अंक चुकला तर पैसे भलत्याकडे जातात. काही नंबरांवर यूपीआय सुरूच नसतं. अशा वेळी गिऱ्हाइकाला त्याच्या अ‍ॅपमधला स्वतःचा कोड दाखवायला सांगा आणि तुम्ही तो स्कॅन करून द्या.

दोन प्रसंग हमखास येतात. पहिला म्हणजे पेमेंट अडकणं. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे गेले, दुकानात आले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यापाऱ्याला केलेलं असं पेमेंट व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवं, आणि उशीर झाला तर बँकेने गिऱ्हाइकाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. गिऱ्हाइकाला हे सांगा, त्याची धाकधूक कमी होते. कॅशबॅकसाठी नियम असा ठेवा की दुकानाच्या अ‍ॅपमध्ये यशस्वी दिसलेलं पेमेंटच धरायचं. पण गिऱ्हाइकाने ज्या वेळी पैसे दिले ती वेळ मोजायची. रविवारी रात्री ८:५५ ला अडकलेलं पेमेंट सोमवारी सकाळी जमा झालं तर ते पात्र आहे. तिथे ताणू नका.

दुसरा प्रसंग माल परत येण्याचा. बिल १,०४० चं होतं, सगळा माल पात्र, ५० रुपये गेले. दोन दिवसांनी १८० चा डबा परत आला. उरलं बिल ८६०, त्यावर २५ बसतात. जास्त गेलेले २५ वजा करून १५५ रुपये परत द्यायचे. हे तोंडी न सांगता बिलाच्या पाठीवर मांडून दाखवा, आकडे दिसले की पटतं.

योजना चालू असताना मजकूर बदलायची वेळ आली तर आधी जाहीर केलेलं कमी करू नका. वाढवायचं असेल तर जुनी पोस्ट तशीच ठेवून वर तारखेसह "बदल" म्हणून लिहा. रविवारी रात्री ९ नंतर मात्र पहिली ओळ बदला: "ही योजना १८ ऑक्टोबर २०२६ ला संपली. ज्यांचे पैसे यायचे आहेत त्यांना मंगळवार २० ऑक्टोबरला रात्री ९ पर्यंत मिळतील. न मिळाल्यास बिल घेऊन दुकानात या." ग्रुपमध्ये हाच मजकूर नव्याने टाका आणि काउंटरवरची पाटी त्याच रात्री उतरवा. वही आणि बिलांच्या प्रती महिनाभर हाताशी ठेवा. खात्यात आलेले २५ रुपये कोणाचे हे विचारायला कोणी पंधरा दिवसांनीही येतं, आणि यूटीआरचे चार अंक जुळवून दाखवायला तेव्हा मिनिटही लागत नाही.